एमसीएचं एनर्जी कॅलिब्रेशन: रेषा सरळ दिसते, तरी खालची पीक चुकतात ती का?

प्रश्न: नाशिकमधल्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी २ × २ इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टर आणि १०२४ चॅनेलचा एमसीए आहे. सीझियम-१३७ चं पीक ३९८.५ चॅनेलवर, कोबाल्ट-६० ची दोन ६९७.० आणि ७८९.० वर आली. या तिघांतून सरळ रेषा बसवली, आर-स्क्वेअर ०.९९९९९ आला. सोडियम-२२ ची पीक ३१०.६ आणि ७५५.६ वर आहेत, ती बरोबर वाचली जातात. पण अमेरिशियम-२४१ चं पीक (४२.२) ५९.५ ऐवजी ५० केईव्ही दाखवतं आणि बेरियम-१३३ चं ८१ वालं (५५.९) ७३ दाखवतं. बेरियमचंच ३५६ वालं मात्र २२२ चॅनेलवर, म्हणजे ३५८ दाखवतं. एमसीएचा एडीसी बिघडला आहे का? रेषीयता तपासायची कशी?

उत्तर:

एडीसी बिघडला असण्याची शक्यता कमी आहे. तुमचे आकडे सोडियम आयोडाइडच्या स्वभावाला धरूनच आहेत. पण अंदाजावर सोडून देऊ नका, कारण वाकडेपणा क्रिस्टलचा की इलेक्ट्रॉनिक्सचा हे तुमच्याच टेबलावर वेगळं काढता येतं.

आधी आर-स्क्वेअर बाजूला ठेवा. ६६२ ते १३३२ केईव्ही एवढा पसारा असला की प्रत्येक बिंदू एक-दोन केईव्ही चुकला तरी तो आकडा ०.९९९९ च्या वरच राहतो. बघायचे असतात ते अवशेष, म्हणजे रेषेने दाखवलेली ऊर्जा वजा खरी ऊर्जा. तुमच्या तीन बिंदूंची लीस्ट स्क्वेअर रेषा अशी येते:

```
E = -22.6 + 1.7168 * C
```

| स्रोत | खरी ऊर्जा (केईव्ही) | चॅनेल | रेषेने दाखवलेली | अवशेष |
|---|---|---|---|---|
| अमेरिशियम-२४१ | ५९.५ | ४२.२ | ४९.८ | −९.७ |
| बेरियम-१३३ | ८१.० | ५५.९ | ७३.४ | −७.६ |
| सोडियम-२२ | ५११.० | ३१०.६ | ५१०.६ | −०.४ |
| सीझियम-१३७ | ६६१.७ | ३९८.५ | ६६१.५ | −०.२ |
| कोबाल्ट-६० | ११७३.२ | ६९७.० | ११७४.० | +०.८ |
| सोडियम-२२ | १२७४.५ | ७५५.६ | १२७४.६ | +०.१ |
| कोबाल्ट-६० | १३३२.५ | ७८९.० | १३३१.९ | −०.६ |

हे अवशेष इकडेतिकडे विखुरलेले नाहीत. मधे थोडे वर, दोन्ही टोकांना खाली, आणि डाव्या टोकाला तर एकदम खोल. यादृच्छिक चूक असती तर चिन्हं अशी रांगेत आली नसती. दुसरी खूण म्हणजे −२२.६ हा छेद. शून्य चॅनेलवर उणे तेवीस केईव्ही याला भौतिक अर्थ नाही. वरच्या भागाचा उतार खाली लांबवल्यामुळे तो आकडा निघाला आहे.

३५६ चं पीक मी तक्त्यात मुद्दाम घेतलं नाही. बेरियम-१३३ च्या ३५६.० च्या उजवीकडे ३८३.८ ची रेषा आहे आणि डावीकडे ३०२.९ ची. तुमच्या डिटेक्टरची या ऊर्जेला रुंदी तीस-पस्तीस केईव्ही असणार, त्यामुळे ३८३.८ वेगळी दिसतच नाही, ३५६ च्या खांद्यावर बसते. तिची तीव्रता ३५६ च्या सुमारे एक सप्तमांश आहे, आणि तेवढ्याने एकत्र पीकचं केंद्र दोनेक चॅनेल उजवीकडे सरकतं. तुमचे २२२ तिथून आले. सगळं एकच पीक धरून केंद्र काढण्याऐवजी ३०३, ३५६ आणि ३८४ अशा तीन गॉसियनची एकत्र फिट करा, तिघांची अंतरं आणि तीव्रतांची गुणोत्तरं बांधून ठेवा. तुमच्या बाकीच्या आकड्यांशी जुळवून पाहिलं तर एकट्या ३५६ चं केंद्र २१९.८ च्या आसपास पडायला हवं. पुढच्या गणितात मी तेच धरतो. तुम्ही फिट केल्यावर आकडा वेगळा आला तर तो घाला.

केंद्र कसं काढायचं

रेषीयतेची तपासणी अर्ध्या चॅनेलच्या फरकांवर चालते, म्हणून केंद्र काढण्यातला ढिसाळपणा इथे परवडत नाही. ६६२ ला तुमच्या पीकची पूर्ण रुंदी सात टक्के धरली तर ती सुमारे २७ चॅनेल होते, म्हणजे सिग्मा साधारण साडेअकरा. पीकमध्ये बॅकग्राउंड वजा जाता १०,००० काऊंट असले तर केंद्रातली सांख्यिकी अनिश्चितता ११.५ भागिले १००, म्हणजे ०.१ चॅनेलच्या जवळपास येते. तेवढं पुरेसं आहे. सर्वाधिक काऊंटचं चॅनेल म्हणजे केंद्र नव्हे, कारण शेंडा सपाट असतो आणि तो आकडा दोन-तीन चॅनेल सहज इकडेतिकडे होतो.

डावीकडची बाजू नेहमी संशयास्पद धरा. तिथे क्रिस्टलमधून निसटलेले आणि आजूबाजूला विखुरून आलेले फोटॉन मिसळलेले असतात. म्हणून फिटची खिडकी असमान ठेवा: शेंड्याच्या डावीकडे पाऊण रुंदी, उजवीकडे सव्वा. गॉसियनखाली तिरकी रेषा बॅकग्राउंड म्हणून धरा. कोबाल्टच्या ११७३ च्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते. १३३२ ची कॉम्प्टन कडा १११८ वर आहे, म्हणजे ११७३ चा डावा पाय त्या उतारावर उभा आहे. दोन्ही पीक एकत्र फिट केली नाहीत तर ११७३ एखादा चॅनेल डावीकडे वाचलं जातं.

सीझियमच्या स्पेक्ट्रममध्ये १८४ च्या आसपास दिसणारा बॅकस्कॅटरचा उंचवटा किंवा ४७७ ची कॉम्प्टन कडा कॅलिब्रेशनला वापरू नका. प्रात्यक्षिकाच्या वह्यांमध्ये हे सर्रास दिसतं. उंचवट्याची जागा स्रोत, टेबल आणि शिशाची ढाल यांच्या मांडणीवर अवलंबून असते.

दोष कोणाचा: पल्सरची चाचणी

डिटेक्टरचं हाय व्होल्टेज बंद ठेवून प्रीॲम्पच्या टेस्ट इनपुटला प्रिसिजन पल्सर जोडा. हेलिपॉटची डायल असलेला टेल पल्सर असेल तर उत्तम. पल्सचा उतरता काळ डिटेक्टरच्या पल्सशी जुळवा, नाहीतर ॲम्प्लिफायरचं पोल-झिरो बिघडून चाचणीच खोटी ठरेल. ॲम्प्लिफायरचं गेन, शेपिंग, एमसीएची थ्रेशोल्ड, काहीही बदलायचं नाही. डायल १० टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत दहा-बारा पायऱ्यांनी नेऊन प्रत्येक पायरीचं केंद्र नोंदवा. पल्सरची पीक चिंचोळी असतात, त्यामुळे हजार काऊंटही भरपूर झाले.

डायल विरुद्ध चॅनेल अशी रेषा बसवून तिचेही अवशेष काढा. तुमच्यासारख्या १०२४ चॅनेलच्या संचात ते एका चॅनेलच्या आत राहिले तर ॲम्प्लिफायर आणि एडीसी निर्दोष आहेत. वरच्या टोकाला, ॲम्प्लिफायरची पल्स साडेनऊ व्होल्टच्या पुढे जायला लागली की अवशेष अचानक खाली वळतात. ते ॲम्प्लिफायरचं संपृक्त होणं आहे. त्यावर इलाज एकच, गेन कमी करून कामाची सगळी पीक त्या हद्दीच्या आत आणणं.

या चाचणीतून आणखी एक मोलाची गोष्ट मिळते: खरं शून्य. पल्सरची रेषा शून्य डायलला ज्या चॅनेलवर पोचते ते इलेक्ट्रॉनिक्सचं शून्य. समजा ते १.५ चॅनेल आलं. आता प्रत्येक पीकच्या चॅनेलमधून १.५ वजा करा आणि उत्तराला ऊर्जेने भागा:

```
Am-241   (42.2 - 1.5) / 59.5    = 0.684
Ba-133   (55.9 - 1.5) / 81.0    = 0.672
Na-22   (310.6 - 1.5) / 511.0   = 0.605
Cs-137  (398.5 - 1.5) / 661.7   = 0.600
Co-60   (789.0 - 1.5) / 1332.5  = 0.591
```

हा आकडा म्हणजे दर केईव्हीमागे मिळालेला प्रकाश, चॅनेलच्या मापात. तो ऊर्जा वाढते तसा सतत घटतो. ५९.५ केईव्हीला तो ६६२ च्या तुलनेत १४ टक्के जास्त आहे, १३३२ ला दीड टक्का कमी. थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचं हे जगजाहीर वागणं आहे. क्रिस्टलमध्ये खरं तर फोटॉन प्रकाश देत नाही, त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन देतात, आणि इलेक्ट्रॉनचा दर केईव्हीमागचा प्रकाश त्याच्या ऊर्जेप्रमाणे बदलतो. मंद इलेक्ट्रॉन आपल्या वाटेवर दाट आयनीकरण करतात, वेगवान विरळ, आणि त्या दाटीवर ऊर्जेचा किती वाटा थॅलियमच्या केंद्रांपर्यंत पोचून प्रकाश होतो ते ठरतं. मोठ्या ऊर्जेचा गॅमा बहुधा दोन-तीन टप्प्यांत शोषला जातो, म्हणून तिथे अनेक इलेक्ट्रॉनची सरासरी दिसते. वरचा भाग म्हणूनच जवळजवळ सरळ असतो आणि खालचा वाकतो. आयोडिनच्या के-कडेला, ३३.२ केईव्हीला, आणखी एक खाच आहे. सीझियमबरोबर येणारा ३२ केईव्हीचा बेरियम क्ष-किरण तिच्या अलीकडे पडतो, तर ५९.५ पलीकडे. त्या दोघांना एकाच रेषेने जोडू नये.

पल्सर नसेल तर

बऱ्याच कॉलेजांत प्रिसिजन पल्सर नसतो. त्यावर एक साधा उपाय आहे, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांना तो पल्सरपेक्षा जास्त शिकवतो. क्रिस्टलचा वाकडेपणा ऊर्जेला चिकटलेला असतो, एडीसीचा वाकडेपणा चॅनेलला. म्हणून तीच ऊर्जा वेगळ्या चॅनेलवर नेऊन पाहायचं.

तुमच्या आत्ताच्या गेनवर १३३२ आणि ६६२ च्या जागांचं गुणोत्तर, शून्य वजा करून, ७८७.५ भागिले ३९७.० म्हणजे १.९८४ आहे. ऊर्जांचं खरं गुणोत्तर २.०१४. आता ॲम्प्लिफायरचं गेन निम्मं करा. समजा सीझियम २००.० वर आलं. इलेक्ट्रॉनिक्स सरळ असेल तर गुणोत्तर १.९८४ च राहील आणि १३३२ चं पीक ३९५.३ वर येईल. ते तिथेच सापडलं, तर १.९८४ आणि २.०१४ मधली तफावत क्रिस्टलची आहे हे सिद्ध झालं. गुणोत्तर गेनबरोबर बदललं तर दोष साखळीत पुढे कुठेतरी आहे. तेव्हा गेन आणखी दोन ठिकाणी ठेवून पाहा, म्हणजे गडबड कोणत्या चॅनेलपट्ट्यात आहे ते कळेल. पल्सरशिवाय शून्य कळत नाही म्हणून अडायचं कारण नाही. एकाच गेनमालिकेत दोन पीकच्या जागा एकमेकींविरुद्ध मांडा. त्या सरळ रेषेत येतात आणि उतार म्हणजेच ते गुणोत्तर.

हे गेन ॲम्प्लिफायरचंच बदला, हाय व्होल्टेजचं नको. व्होल्टेज बदललं की फोटोमल्टिप्लायरही चाचणीत उतरतो. मात्र पहिली चाचणी पार पडल्यावर तोच खेळ व्होल्टेजने जरूर करा: पन्नास-पन्नास व्होल्टने वर जा आणि ॲम्प्लिफायरचं गेन कमी करून सीझियम पुन्हा ३९८.५ वर आणा. व्होल्टेज वाढेल तसं १३३२ चं पीक डावीकडे घसरत गेलं तर नळीचे शेवटचे डायनोड मोठ्या पल्स पेलू शकत नाहीत, असा अर्थ. अशा वेळी व्होल्टेज खाली आणून कमी पडलेलं गेन ॲम्प्लिफायरमधून घ्या. वर्गात मोठी पल्स दिसावी म्हणून व्होल्टेज ताणून ठेवलेले संच पुष्कळ असतात.

सरकणं आणि वाकणं यांची गल्लत

हे सगळं करताना संच जागेवर राहिला पाहिजे, आणि तो राहत नाही. सोडियम आयोडाइडचा प्रकाश नेहमीच्या तापमानाला दर अंश सेल्सियसमागे सुमारे ०.३ टक्के घटतो, त्यात नळीचं गेनही हलतं. नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी आठला प्रयोगशाळा उघडली आणि दुपारी दोनला शेवटचा स्रोत ठेवला, तर खोलीत दहा अंशांचा फरक पडणं काही विशेष नाही. त्याने तीन टक्के, म्हणजे सीझियमचं पीक बाराएक चॅनेल सरकतं. आपण शोधतोय ते फरक अर्ध्या-एका चॅनेलचे.

दुसरं कारण काऊंटचा वेग. वेग वाढला की नळीचं गेन थोडं बदलतं आणि ॲम्प्लिफायरची बेसलाइनही हलते. सीझियमचा स्रोत डिटेक्टरला चिकटवून आणि मग १५ सेंटिमीटर दूर नेऊन पीकची जागा पाहा. ती एका चॅनेलहून जास्त हलली तर आधी पोल-झिरो नीट लावा. एरवी सगळे स्रोत अंतर बदलून साधारण सारख्याच वेगाला मोजा आणि डेड टाइम पाच टक्क्यांच्या आत ठेवा.

क्रम असा ठेवावा. हाय व्होल्टेज चढवून किमान तासभर, जमल्यास रात्रभर, संच तापू द्या. मधे वीज गेली तर तास पुन्हा मोजायला लागा, आणि साइन वेव्ह देणारा यूपीएस असेल तर हाच संच त्यावर घ्या. मग सीझियम, कोबाल्ट, सीझियम, सोडियम, सीझियम, अशा रीतीने दर स्रोताच्या आगेमागे सीझियम मोजा. दोन सीझियमच्या मधली जागा रेषेने काढून त्या प्रमाणात मधल्या स्रोताची जागा दुरुस्त करा. सीझियमची दोन वाचनं दोन चॅनेलपेक्षा जास्त लांब गेली तर दुरुस्ती करत बसू नका, तो भाग पुन्हा मोजा. सीझियम आणि अमेरिशियम एकत्र ठेवूनही मोजता येतं, फक्त ५९.५ कॉम्प्टनच्या पठारावर बसतं, तेव्हा पठार नीट वजा करा.

स्वतःच्या कपाटाबाहेरच्या रेषा

रेषा ज्या बिंदूंतून बसवली त्याच बिंदूंवर ती तपासणं म्हणजे स्वतःचाच पेपर तपासणं. दोन-तीन रेषा फिटच्या बाहेर ठेवा. सोडियम-२२ ची १२७४.५ चालेल. कोबाल्टच्या वर जायचं तर पोटॅशियम-४० ची १४६०.८ आहे, आणि तिचा स्रोत नाशिकमध्ये कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. द्राक्षबागेला घालतात ते ०-०-५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. त्याच्या एका किलोत सुमारे ४१५ ग्रॅम पोटॅशियम असतं. नैसर्गिक पोटॅशियमच्या दर ग्रॅममागे सेकंदाला ३१ च्या आसपास विघटनं होतात आणि त्यांतल्या पावणेअकरा टक्क्यांत हा गॅमा सुटतो, म्हणजे किलोमागे सेकंदाला साधारण १,३७० गॅमा. पिशवी डिटेक्टरभोवती गुंडाळून काही तास मोजा आणि सीझियम दूर ठेवून सोबतच चालू द्या, म्हणजे तेवढ्या वेळातलं सरकणं डोळ्यांसमोर राहील. तुमच्या सरळ रेषेप्रमाणे हे पीक ८६४.१ वर यायला हवं. तिथून एखादा चॅनेल अलीकडे आलं तर क्रिस्टल नेहमीप्रमाणे वागतोय. पंधरा-वीस चॅनेल अलीकडे आलं, तर नळी किंवा ॲम्प्लिफायर संपृक्त होत आहे.

८१ आणि ३५६ च्या मधली मोकळी जागा भरायला कोबाल्ट-५७ ची १२२.१ उत्तम. पण तिचं अर्धायुष्य २७२ दिवसांचं, त्यामुळे कॉलेजच्या कपाटातली चकती बहुधा केव्हाच संपलेली असते. अशा वेळी सातपूर किंवा अंबडच्या वेल्डिंगच्या दुकानातली लाल टोकाची टिग इलेक्ट्रोड कामी येतात. त्यांत दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं. दहा कांड्यांची जुडी ठेवली की २३८.६, ५८३.२ आणि सगळ्यात वर २६१४.५ मिळते. शेवटची तुमच्या आत्ताच्या पट्ट्याबाहेर आहे, तिच्यासाठी गेन निम्मं करावं लागेल. २३८.६ च्या शेजारी २४१ ची क्षीण रेषा आहे, पण तिने जागा फारशी हलत नाही. कांड्या घासायच्या नाहीत, धूळ श्वासात जाता कामा नये. मोजून झालं की पिशवीत बंद करून ठेवा.

मग कॅलिब्रेशन कोणतं वापरायचं

एका रेषेचा आग्रह सोडा. ३०० केईव्हीच्या वर वर्गसमीकरण पुरतं. ३५६.०, ६६१.७ आणि १३३२.५ या तीनच बिंदूंतून नेमकं जाणारं समीकरण असं:

```
E = -18.9 + 1.7030 * C + 0.0000125 * C * C
```

बाकीच्यांना साक्षीदार करा. ५११ ला ते ५११.२ दाखवतं, ११७३.२ ला ११७४.१ आणि १२७४.५ ला १२७५.०. सगळे एका केईव्हीच्या आत आहेत. सात टक्के रुंदीच्या डिटेक्टरला याहून जास्त मागण्यात अर्थ नाही. पण हेच समीकरण अमेरिशियमला ५३.० दाखवतं. घात तीन-चार करून खालचे बिंदूही ओढून आणता येतात, आणि सॉफ्टवेअर ते आनंदाने करून देतं. मी तसं करत नाही. थोड्या बिंदूंतून नेलेला चौथ्या घाताचा वक्र बिंदूंवर अचूक बसतो आणि मधल्या जागेत पोट काढतो, शिवाय १३३२ च्या पलीकडे तो कुठेही भरकटतो.

त्यापेक्षा खाली स्वतंत्र तुकडा घ्या. अमेरिशियम आणि बेरियमच्या दोन बिंदूंतून:

```
E = 59.5 + 1.569 * (C - 42.2)
```

हा तुकडा आणि वरचं वर्गसमीकरण ९० व्या चॅनेलला, सुमारे १३४ केईव्हीला, एकमेकांना मिळतात. ९० च्या खाली पहिला वापरा, वर दुसरं. सांधा कुठे पडतो हीसुद्धा एक तपासणी आहे. ते दोन वक्र मिळालेच नाहीत किंवा भलत्याच ठिकाणी, समजा २५० व्या चॅनेलला मिळाले, तर एखादं केंद्र चुकलं आहे. या सांध्याच्या आसपासच्या आकड्यांवर मात्र १२२ किंवा २३८.६ मोजेपर्यंत फार विसंबू नका. ५० केईव्हीच्या खालीही हा तुकडा लांबवू नका, तिकडे के-कडेची खाच आहे.

एमसीएचं सॉफ्टवेअर दोन-तीन बिंदूंचंच कॅलिब्रेशन घेत असेल तर स्पेक्ट्रम चॅनेलमध्येच साठवा आणि ऊर्जा बाहेर काढा. केईव्हीचा अक्ष छापून मूळ चॅनेल फेकून दिली की पुढे कुणालाही ते सुधारता येत नाही.

पुढच्या वेळी संच चालू केल्यावर हे सगळं पुन्हा करायची गरज नाही. वक्राचा आकार क्रिस्टलचा आहे, तो राहतो. बदलतं ते गेन. सीझियम एकदा मोजा आणि त्या दिवसाची चॅनेल मूळ मापात आणा:

```
C0 = 1.5 + (C - 1.5) * 397.0 / (Cs - 1.5)
```

समजा त्या दिवशी सीझियम ३९१.० वर आलं आणि एक अनोळखी पीक ६००.० वर. गुणक ३९७.० भागिले ३८९.५, म्हणजे १.०१९३ आणि दुरुस्त चॅनेल ६११.५. वर्गसमीकरणात ती घातली की १,०२७ केईव्ही मिळतात. दुरुस्ती केली नसती तर १,००७ वाचले असते. शून्य वजा करूनच गुणायचं, नुसत्या चॅनेलला नाही. इथे शून्य दीडच चॅनेल धरलं आहे म्हणून फरक किरकोळ दिसेल, पण एमसीएवर झिरो ऑफसेटचा स्क्रू कुणी फिरवून ते वीसवर नेलं असेल तर खालची पीक पुन्हा चुकू लागतील. म्हणून पल्सरने काढलेलं शून्य, हाय व्होल्टेज, ॲम्प्लिफायरचं गेन आणि शेपिंग हे चार आकडे कॅलिब्रेशनच्याच पानावर लिहून ठेवा. शेपिंग बदललं किंवा नळी बदलली तर सीझियमवरून केलेली दुरुस्ती पुरत नाही, पल्सरपासून सुरुवात करावी लागते.